शेजाऱ्यांसाठी कुंड्यांची चिठ्ठी

मे महिन्यात गावी जाताना शेजाऱ्यांकडे किल्लीसोबत दिलेल्या चिठ्ठीत ‘रोज पाणी घाला’ एवढेच लिहिले, तर घरातली निम्मी झाडे जास्त पाण्याने सडण्याची भीती असते. वारापेक्षा मातीची खूण लिहिणे बरे: बोट दोन पेरे आत घालावे, माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, तेही सकाळी, तळाच्या भोकातून निथळेपर्यंत. ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे.

बाल्कनीतल्या तुळशीला उन्हाळ्यात रोज पाणी लागते. घरातल्या मनीप्लांटला आठवड्यातून एक-दोनदा पुरते. स्नेक प्लांटला पंधरा दिवस पाणी नसले तरी चालते. मनीप्लांट खिडकीजवळच, पण थेट उन्हाबाहेर राहू द्यावा. दुपारच्या उन्हात त्याची पाने करपतात.

खरी फसगत मान टाकलेल्या झाडाशी होते. माती कोरडी व कुंडी हलकी असेल, तर झाड तहानलेले असते आणि पाणी दिल्यावर बहुधा काही तासांत सावरते. माती ओली असूनही पाने पिवळी, लुळी पडली आणि कुबट वास आला, तर मुळे कुजू लागलेली असतात. अशा वेळी पाणी थांबवून घरमालकांना फोटो पाठवावा.