रिकव्हरी ईमेलच बंद पडलाय? मग जीमेल अकाउंट परत कसं मिळवायचं?

मागच्या महिन्यात माझा मावसभाऊ नवीन फोन घेऊन माझ्याकडे आला. जीमेलचा पासवर्ड आठवत नव्हता. गूगल कोड पाठवायला तयार होतं, पण कॉलेजने दिलेल्या ईमेलवर. पास झाल्यावर कॉलेजने तो ईमेल बंद केला होता आणि अकाउंटला मोबाइल नंबर जोडलेलाच नव्हता. अकाउंटमध्ये मात्र चार वर्षांचे फोटो होते.

अशा वेळी आपण घाबरून नव्या फोनवरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. चूक तिथेच होते. कोड हा तुमची ओळख पटवण्याचा फक्त एक मार्ग आहे. तो बंद असला तर गूगल इतर खुणा बघतं: फोन नेहमीचा आहे का, ब्राउझर तोच आहे का, तुम्ही नेहमीच्या जागी आहात का. नवीन फोन गूगलसाठी अनोळखी असतो.

म्हणून मी त्याला आधी विचारलं, "जुना फोन कुठंय?" स्क्रीन फुटलेला तो फोन घरी कपाटात पडून होता आणि सुदैवाने रीसेट केलेला नव्हता. त्याने घरी जाऊन तो चार्ज केला, घरच्याच वाय-फायला जोडला आणि त्यातल्या क्रोममध्ये हा पत्ता उघडला:

```
https://accounts.google.com/signin/recovery
```

कॉलेजच्या ईमेलचा पर्याय आला की "Try another way" दाबायचं. गूगलने आठवणारा शेवटचा पासवर्ड विचारला. त्याला एक जुना पासवर्ड आठवत होता, तोच त्याने टाकला. नक्की आठवत नसेल तरी प्रश्न सोडू नका, जवळचा अंदाज लिहा. जुन्या फोनवर अकाउंट अजून लॉग-इन होतं, त्यामुळे तिथेच "तुम्हीच आहात का?" अशी सूचना आली. त्याने होय म्हटलं आणि नवा पासवर्ड ठेवला.

दरवेळी इतकं पटकन होत नाही. कधी गूगल काही तास किंवा काही दिवस थांबायला लावतं आणि संपर्कासाठी ईमेल मागतं. तिथे सध्या उघडता येणाराच ईमेल द्या. जुना फोन नसेल, पासवर्डही आठवत नसेल, तर अकाउंट कायमचं जाऊ शकतं. पैसे घेऊन ते परत मिळवून देतो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. गूगल अशा कुणासोबत काम करत नाही.

अकाउंट उघडल्यावर भावाने लगेच कॉलेजचा ईमेल काढून स्वतःचा दुसरा ईमेल आणि मोबाइल नंबर जोडला. बदलानंतरही 7 दिवस गूगल जुन्या ईमेलवर कोड पाठवायचा पर्याय दाखवू शकतं, तेव्हा गोंधळू नका.

तुमचा रिकव्हरी ईमेल कॉलेजचा किंवा ऑफिसचा असेल, तर तो बंद व्हायच्या आधीच बदला. आणि नवीन फोनवर लॉग-इन होईपर्यंत जुना फोन रीसेट करू नका.