घरगुती व्यायामसाहित्य : आधी आराखडा, मग खरेदी

लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळीत एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट असे. अशा जागेत २.२ मीटर लांबीचा, २० किलोचा ऑलिम्पिक बार भिंतीला न लागता फिरवणे कठीण असल्याने व्यायामाचा आराखडाही तसाच निवडावा लागतो.

आठवड्यातून तीन दिवस बैठक, जमिनीवर पाठ टेकून दाब, एकहाती ओढ आणि डोक्यावर दाब असा आराखडा असेल, तर पहिली खरेदी सुट्या प्लेट बसणाऱ्या दोन डंबेल दांड्यांची करावी. येथे जड प्लेटपेक्षा लहान प्लेट मोलाच्या ठरतात, कारण १० किलोच्या डंबेलला दोन्ही टोकांस १.२५ किलोची प्लेट लावली की वजन १२.५ किलो, म्हणजे एकदम २५ टक्के वाढते, आणि खांद्याच्या व्यायामात तेथेच गाडी अडते. म्हणून अर्ध्या किलोच्या चार प्लेट आधीच घ्याव्यात. प्लेटच्या छिद्राचा व्यास मात्र मोजून घ्यावा, कारण साध्या दांड्याला २५ ते ३० मिलिमीटरचे छिद्र चालते, तर ऑलिम्पिक बारला सुमारे ५० मिलिमीटरचे लागते.

दुसरी खरेदी पुल-अप बारची. तो दाराच्या चौकटीत ताणून बसणारा असेल, तर जुन्या लाकडी चौकटीवर आधी कमी उंचीवर भार देऊन पाहावा. बाक तिसरा. स्टँड आणि बारबेल मात्र, बैठकीला डंबेल खरोखरच अपुरे पडेपर्यंत, घेऊच नयेत.