आधी रंग, मग लढाई

मादागास्करच्या उत्तरेकडच्या झाडीत ‘पँथर’ जातीचा सरडगुहिरा, म्हणजे शॅमेलिऑन, निवांत बसलेला असतो तेव्हा त्याचं अंग बहुधा हिरवं दिसतं आणि त्यावर निळसर पट्टे असतात. तो जर प्रौढ नर असेल आणि समोरच्या फांदीवर दुसरा नर आला, तर काही मिनिटांत चित्र पालटतं. हिरवं अंग पिवळं-नारिंगी होतं, पट्टे पांढुरके पडतात आणि लाल भाग आणखी उजळतो. आसपासची पानं मात्र हिरवीच असतात. लपायचं असतं, तर त्याने नेमकं उलट केलं असतं.

हा बदल घडतो कसा? त्वचेतल्या पेशींमधले रंगकण पसरतात किंवा आक्रसतात, अशी समजूत बराच काळ होती. जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिंकोविच यांच्या गटाने २०१५ मध्ये पँथर सरडगुहिऱ्याच्या त्वचेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मुख्य कारण वेगळंच निघालं. त्याच्या त्वचेत पिवळ्या रंगद्रव्याच्या थराखाली काही खास पेशी असतात आणि त्या ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांनी भरलेल्या असतात. डीएनएच्या घटकांपैकी एक असलेलं हे ग्वानिन स्वतः रंगहीन आहे. एकेक स्फटिक साधारण १२७ नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. हे स्फटिक पेशीत ठरावीक अंतरावर, ओळीने रचलेले असतात आणि कोणता रंग परावर्तित होणार, हे त्या अंतरावर ठरतं. मोरपिसातला निळाही असाच रचनेतून येतो; पीस कुटून पूड केली की तो निळा उरत नाही.

सरडगुहिरा शांत असताना स्फटिक एकमेकांजवळ असतात आणि निळा प्रकाश परत फेकतात. त्यावर वरच्या थरातला पिवळा चढतो आणि आपल्याला हिरवा दिसतो. तो चवताळला की स्फटिकांमधलं अंतर सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं. मग निळ्याऐवजी पिवळा, नारिंगी असे लांब तरंगलांबीचे रंग परततात. हे पडताळण्यासाठी संशोधकांनी त्वचेचे तुकडे मिठाच्या द्रावणात ठेवले. द्रावण खारट केलं की पेशींतलं पाणी बाहेर जातं, पेशी आकसतात, स्फटिक जवळ येतात आणि रंग निळ्याकडे सरकतो. म्हणजे प्राण्यापासून वेगळी केलेली त्वचाही केवळ अंतर बदलल्याने रंग पालटते.

अर्थात, त्याला हवा तो रंग धारण करता येत नाही. लाल भागात लाल रंगद्रव्य असल्यामुळे तिथे फक्त उजळपणा कमी-जास्त होतो. माद्यांत आणि पिल्लांत स्फटिकांचा हा वरचा थर फारच तोकडा असतो, त्यामुळे असा भडक पालट हे प्रौढ नरांचंच काम. काळवंडणं ही आणखी निराळी गोष्ट आहे. त्यासाठी मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य पेशींच्या फांद्यांमध्ये पसरतं.

या रंगांचा प्रतिस्पर्ध्याला काय अर्थ लागतो, हे अॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या रसेल लिगन आणि केविन मॅग्रॉ यांनी २०१३ मध्ये दाखवलं. त्यांनी येमेन-सौदी अरेबियातल्या ‘व्हेल्ड’ जातीचे १० नर एकमेकांसमोर आणले आणि अंगावरच्या २८ जागांचे रंग मोजले. मोजमापही सरडगुहिऱ्याच्या डोळ्याला जसं दिसतं, त्या हिशेबाने केलं. अंगावरचे पट्टे ज्याचे जास्त उजळ, तो प्रतिस्पर्ध्याकडे चालून जाण्याची शक्यता जास्त होती. पण लढाई कोण जिंकणार, हे डोक्याच्या रंगावरून कळत होतं. ज्याचं डोकं अधिक उजळ झालं आणि अधिक वेगाने झालं, तो सहसा जिंकला. म्हणजे पट्टे सांगतात ‘मी येतोय’ आणि डोकं सांगतं ‘मी भारी पडेन’. चावे घेण्याआधीच हे कळलं, तर दुबळ्याला जखमी न होता माघार घेता येते.

माघारीचाही रंग असतो. हरू लागलेला नर काळपट पडतो आणि समोरच्याचा हल्ला ओसरतो. माद्याही रंगातून नकार देतात. पोटात अंडी असलेली व्हेल्ड मादी गडद होते आणि तिच्या अंगावर निळे-पिवळे ठिपके उमटतात. नर जवळ आला की ती तोंड वासून फुत्कारते.

मग लपण्याचं काय? दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या सरडगुहिऱ्यांच्या अनेक जातींची देवी स्टुअर्ट-फॉक्स आणि अदनान मुसल्ली यांनी तुलना केली. परिसरात रंगांची विविधता जास्त, म्हणून रंगबदल जास्त, असं त्यांना आढळलं नाही. ज्या जातींचे इशारे सर्वांत ठळक, त्याच जास्त रंग बदलत होत्या. लपण्यासाठी रंग वापरला जातोच. पण एवढी मोठी क्षमता घडली ती दिसण्याच्या गरजेतून.

त्यामुळे काळपट सरडगुहिरा दिसला की तो हरला, असं लगेच म्हणू नये. थंड सकाळी ऊन शोषून घेण्यासाठीही तो गडद होतो. तो उन्हाकडे कूस करून बसला असेल, तर अंग तापवत असतो. दुसऱ्या नरासमोर काळवंडून मागे सरकत असेल, तर शरण आलेला असतो. रंगाचा अर्थ लावायचा, तर समोर कोण आहे हे आधी पाहावं लागतं.