साधनेचा एकांत सप्ताह : आधी झोप, मग प्रार्थना

गेल्या नोव्हेंबरात बँकेत अधिकारी असलेले आमच्या परिचयातील एक गृहस्थ आठवडाभर एकांतात राहण्याची इच्छा घेऊन आमच्याकडे आले. वय सेहेचाळीस, दोन शाखांचा कार्यभार आणि रोजचा विरार-चर्चगेट प्रवास. बरोबर त्यांनी स्वतः आखलेले वेळापत्रकही आणले होते : पहाटे पाचला उठणे, तीन तास प्रार्थना, दोन ग्रंथांचे वाचन, दैनंदिनी आणि शुक्रवारी उपवास. ते पाहून आम्हांला हसू आले आणि वाईटही वाटले, कारण ज्या रीतीने ते कामाने थकले होते त्याच रीतीने ते विसावा घ्यायला निघाले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या थकव्याचे वर्णन करताना तीन खुणा सांगितल्या आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटना त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हणते. म्हणूनच एकांताला पाठवण्यापूर्वी आम्ही एक चौकशी करतो. सुट्टीतही कशातच गोडी वाटत नसेल, पहाटे जाग येऊन मन काळोखून जात असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर प्रथम डॉक्टरांकडे जावे. अशा माणसाला एकटे ठेवणे धोक्याचे असते. आमच्या या गृहस्थांची स्थिती तशी नव्हती. रविवारी नातवंडासारख्या लहान पुतणीशी खेळताना ते खुलत असत.

एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. होरेब पर्वताची वाट त्यानंतरची आहे (१ राजे १९). त्याच क्रमाने आम्ही पहिले दोन दिवस कोरे ठेवले. गजर नाही, ग्रंथ नाही; तीन वेळचे साधे जेवण मात्र ठरलेल्या वेळी. मोबाईल साधनागृहाच्या कार्यालयात जमा केला आणि संध्याकाळी सात वाजता घरी दहा मिनिटांचा फोन ठेवला. घरची काळजी मिटली नाही तर एकांत हा नुसता कोंडमारा ठरतो. पहिल्या दिवशी ते चौदा तास झोपले आणि त्याबद्दल आमची क्षमा मागू लागले!

तिसऱ्या दिवसापासून दिवसाला चार खुंट्या दिल्या. सकाळी न्याहारीपूर्वी पाऊण तास चालणे, त्यानंतर अर्धा तास शास्त्रातील एकच उतारा, दुपारपूर्वी हातांचे काम आणि रात्री दहा मिनिटे दिवसाचे अवलोकन. मधला वेळ मोकळा. चालण्याची वाट रोज तीच ठेवावी असा आमचा आग्रह असतो. नव्या वाटेवर माणूस सहलीला निघतो. जुन्या वाटेवर त्याला हळूहळू दिसू लागते. चौथ्या दिवशी त्यांनी सांगितले, की कुंपणापाशी भारद्वाज रोज येतो हे आपल्याला आजच कळले.

हातांचे काम नेमके त्या वेळी ठेवण्याला जुने कारण आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इवाग्रियस या तपस्व्याने मध्यान्हीच्या सैतानाचे वर्णन केले आहे. सुमारे दहा ते दोनच्या दरम्यान तो येतो, सूर्य हलतच नाही असे भासवतो, साधकाला सारखे खिडकीबाहेर पाहायला लावतो आणि राहत्या जागेचा व कामाचा तिटकारा आणतो. एकांतात हा उबग बहुधा झोप भरून निघाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाठतो. त्या वेळी डोळे मिटून बसण्यापेक्षा पालापाचोळा झाडणे किंवा रोपांना पाणी घालणे बरे. येथेच पुष्कळजण सामान बांधतात.

आमच्या गृहस्थांनी सामान बांधले नाही. चौथ्या रात्री त्यांनी राजीनामा लिहिला. मार्गदर्शक धर्मगुरू त्यांना रोज वीस मिनिटे भेटत असत. दुसऱ्या दिवशीच्या भेटीत त्यांनी संत इग्नाती लोयोला यांचा नियम सांगितला : मन उदास व कोरडे असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. कागद फाडायला त्यांनी सांगितले नाही, पाकिटात घालून खणात ठेवायला सांगितले. सहाव्या दिवशी सकाळी, चालून आल्यावर, पाकीट उघडले. राजीनाम्यातील अर्धा मजकूर दुसऱ्या शाखेविषयीच होता. त्यांनी तोच भाग वेगळा काढला आणि जादा कार्यभार काढून घेण्याविषयीच्या अर्जाचा मसुदा केला.

परतीचा दिवस आम्ही शनिवार ठेवला. रविवारी रात्री घरी पोहोचून सोमवारी पहाटेची लोकल पकडली, तर सप्ताह विरार स्थानकातच संपतो. रविवारी ते कुटुंबासह मिस्साला आले आणि दुपारी पुन्हा झोपले. तो अर्ज त्यांनी लगेच दिला नाही, दोन आठवडे थांबून दिला. सकाळचे पाऊण तास चालणे वीस मिनिटांवर आले आहे, पण वाट तीच आहे.