आधी तारखा, मग बाकीचं

हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला पोचलेल्या मुलांमध्ये ‘आयटी’ची चर्चा सुरू होते. आयटी म्हणजे इंडस्ट्रियल ट्रेनिंग. किचन, सर्व्हिस, हाऊसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस या चार खात्यांत काही महिने राबायचं, रोजच्या कामाचं लॉगबुक भरायचं, त्यावर वरिष्ठांची सही घ्यायची आणि शेवटी अहवाल लिहून कॉलेजात द्यायचा. काही मुलांना कॉलेजच हॉटेल मिळवून देतं. बाकीच्यांना स्वतः पत्र लिहावं लागतं आणि घोटाळा तिथेच होतो. पत्राचा पहिला अर्धा भाग हॉटेलच्या स्तुतीत जातो, दुसरा ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’ यात. हॉटेलला हवी असलेली माहिती कुठेच नसते. कधी कधी तर पत्ता एका हॉटेलचा आणि मजकुरात नाव दुसऱ्याच हॉटेलचं असतं!

पत्र वाचणाऱ्या ट्रेनिंग मॅनेजरसमोर ड्युटी रोस्टर असतं. कोणत्या महिन्यात कोणत्या खात्यात किती हात कमी पडणार आहेत, हे तो बघत असतो. त्यामुळे त्याचा पहिला प्रश्न साधा असतो: हा मुलगा किंवा ही मुलगी कधी येणार आणि कधी जाणार? ‘नोव्हेंबरपासून सहा महिने’ एवढं उत्तर त्याला पुरत नाही.

उदाहरणादाखल नाशिकच्या कॉलेजातली एक विद्यार्थिनी घेऊ. तिला गोव्यातल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये जायचं आहे. गोव्याचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च आणि त्याचा कळस नाताळ ते नववर्ष. डिसेंबरच्या मध्यावर नवखी ट्रेनी आली, तर तिला शिकवायला कोणालाच सवड नसते आणि गर्दीत तिची मदतही होत नाही. तीच १ नोव्हेंबरला आली, तर नाताळपर्यंत सात-आठ आठवडे हातात मिळतात. टेबल लावणं, ऑर्डर घेणं, केओटी फाडणं तोवर अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून तिने १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल हा काळ मागितला. लीप वर्ष नसेल तर हे १८१ दिवस होतात, म्हणजे जवळजवळ २६ आठवडे.

इथे एक गोष्ट तपासावी लागते. बऱ्याच अभ्यासक्रमांत ट्रेनिंगचा काळ साधारण वीस आठवड्यांच्या आसपास असतो. सहा महिने मागायचे, तर वरच्या आठवड्यांना कॉलेजची लेखी परवानगी लागते. शिवाय हॉटेल पाहत असतं तो काळ आणि परीक्षांचं वेळापत्रक यांची टक्कर होऊ शकते. आपल्या विद्यार्थिनीचा एक विषय राहिला आहे, त्याचा एटीकेटीचा पेपर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मुलं हे लपवतात आणि रुजू झाल्यावर तीन दिवसांची रजा मागतात. रोस्टर लागलेलं असताना अशी रजा मिळाली, तरी नाव खराब होतं. पत्रात आधीच लिहिलं, तर ते तीन दिवस कोणाला डोईजड होत नाहीत.

खात्यांच्या बाबतीत ‘कुठेही काम करायला तयार आहे’ हे वाक्य मला निरुपयोगी वाटतं. तिने पहिले नऊ आठवडे सर्व्हिस, पुढचे नऊ किचन, मग चार-चार आठवडे हाऊसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस असं सुचवलं. नववर्षाची पार्टी पार पडल्यावरच तिचं खातं बदलतं, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल. अर्थात शेवटचा शब्द हॉटेलचा.

आता कौशल्यं. कॉलेजात जे खरोखर केलं आणि फोनवर कोणी विचारलं तर सांगता येईल, तेवढंच लिहावं. ‘कॉन्टिनेंटल येतं’ असं लिहिणाऱ्याला शेफ पहिलाच प्रश्न विचारतो, ‘बेशामेल कसा करतोस?’ रूं हा शब्द आला नाही की मुलाखत तिथेच आटोपते. त्यापेक्षा ‘क्वांटिटी किचनमध्ये शंभर जणांच्या जेवणाच्या तयारीत होते’ हे वाक्य वजनदार ठरतं. हाऊसकीपिंगमध्ये रूम अटेंडंटला एका शिफ्टमध्ये बारा ते सोळा खोल्या कराव्या लागतात, तेव्हा कॉलेजात चार बेड लावून ‘निष्णात’ होता येत नाही. ‘बेड लावता येतो, वेग अजून नाही’ असं लिहिणाऱ्या मुलीवर विश्वास बसतो. शाकाहारी असाल आणि मांस हाताळणार नसाल, तर तेही आधीच सांगावं. किचनमध्ये बुचरीची पाळी येतेच.

हॉटेलांशी पत्रव्यवहार इंग्रजीत होतो. तिच्या पत्राचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा:

‘विषय: १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळातील इंडस्ट्रियल ट्रेनिंग.

महोदय,

मी हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. वरील २६ आठवड्यांसाठी आपल्या रिसॉर्टमध्ये ट्रेनिंग मिळावं, ही विनंती. कॉलेजची या पूर्ण काळाला परवानगी असून पत्र सोबत जोडलं आहे.

कॉलेजच्या ट्रेनिंग रेस्टॉरंटमध्ये मी दोन सत्रं सर्व्हिस केली आहे. टेबल डोत आणि आ ला कार्त कव्हर लावता येतात. क्वांटिटी किचनमध्ये शंभर जणांच्या जेवणाच्या तयारीत काम केलं आहे. बेड लावण्याचा सराव आहे, वेग वाढवायचा आहे. फ्रंट ऑफिसचं सॉफ्टवेअर फक्त प्रात्यक्षिकात पाहिलं आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी बोलते, कोकणी समजते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका पेपरसाठी तीन दिवस नाशिकला जावं लागेल. त्याखेरीज नाताळ आणि नववर्षासह पूर्ण काळ, ब्रेक शिफ्ट व रात्रपाळीसह, उपलब्ध आहे. पहिले नऊ आठवडे सर्व्हिसमध्ये मिळाल्यास आनंद होईल. गोव्यात माझी राहण्याची सोय नाही. रिसॉर्टकडे ट्रेनींसाठी निवास आहे का, कळवावं.’

पत्र एवढंच. एका पानात बसतं. ब्रेक शिफ्टचा उल्लेख मुद्दाम आहे: दुपारचं जेवण आटोपल्यावर तीन-चार तास मोकळे आणि रात्री पुन्हा ड्युटी, हे ज्याला माहीत नाही तो पहिल्याच आठवड्यात कुरकुरतो. निवासाचा प्रश्नही विचारायलाच हवा, विशेषतः मुलींनी. रात्री अकराला ड्युटी सुटल्यावर परत कसं जायचं, याचं उत्तर रुजू होण्याआधी मिळालेलं बरं. विद्यावेतनाचा विषय मात्र पहिल्या पत्रात काढू नये, मुलाखतीत काढावा. काही हॉटेलं ते देतात, काही देत नाहीत, आणि दिलं तरी खोलीच्या भाड्यात जिरतं.

पत्रासोबत कॉलेजचं परवानगीपत्र आणि एका पानाचा बायोडेटा एकाच पीडीएफमध्ये जोडावा. निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणीचा दाखला मागतील, कारण खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांची तपासणी आणि लसीकरण अन्नसुरक्षेच्या नियमांनी सक्तीचं आहे. टायफॉइडची लस आधीच घेऊन ठेवली तर धावपळ वाचते.

आणखी एक. स्वतः पत्र धाडण्यापूर्वी कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला विचारून घ्या. त्यांनी तेच हॉटेल आधीच दुसऱ्या मुलांसाठी गाठलेलं असेल, तर दोन्ही पत्रं अडचणीत येतात. पत्र तीन-चार महिने आधी जाऊ द्या. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर ट्रेनिंग विभागाला फोन करा, पण सकाळी चेकआउटच्या गर्दीत नको; दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान करा.