मायक्रोडोसिंग: फायदा औषधाचा की अपेक्षेचा?

रील्समध्ये एखादा फाउंडर सांगताना तुम्ही पाहिला असेल, की एलएसडीचा अगदी छोटा डोस घेतला आणि फोकस वाढला, मूड सुधारला. यालाच मायक्रोडोसिंग म्हणतात. साधारण 100 मायक्रोग्रॅमने भास होतात, तर इथे 10च्या आसपास, म्हणजे नशा जाणवू नये इतकंच घ्यायचं. पण अनुभव खरा असला तरी तो औषधामुळेच आला, हे कसं ठरवायचं?

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी यासाठी भारी जुगाड केला. 2021 मध्ये आलेल्या या अभ्यासात 191 जण होते, आणि ते स्वतःच्या घरी, स्वतःचाच माल वापरत होते. त्यांनी काही कॅप्सूल डोस टाकून, तर काही रिकाम्याच भरल्या. बाहेरून सगळ्या सारख्याच. मग त्या क्यूआर कोड लावलेल्या लिफाफ्यांत गेल्या आणि लिफाफे मिसळले गेले. आज पोटात काय गेलं, हे घेणाऱ्यालाच माहीत नाही. कोडवरून ते फक्त संशोधकांच्या सिस्टीमला कळायचं. थोडक्यात, घरच्या घरी ए/बी टेस्ट.

चार आठवड्यांनी डोसवाल्यांची मानसिक स्थिती सुधारलेली दिसली. गंमत म्हणजे रिकाम्या कॅप्सूलवाल्यांचीही तेवढीच सुधारली. दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता.

डोसच्या दिवशी मात्र थोडा फरक दिसला. पण बऱ्याच जणांनी आपण काय घेतलंय हे ओळखलं होतं. शरीरात जरा वेगळं वाटलं, की 'आज खरा डोस आहे' असं वाटतं आणि फॉर्ममध्ये मार्क वाढतात. हा अंदाज हिशेबात घेतल्यावर तो छोटा फरकही उरला नाही. म्हणजे टेस्ट चालू असताना युजरला आपलं व्हर्जन कळलं, की त्याचा फीडबॅक बिघडतो, तसंच हे.

मग औषध काहीच करत नाही का? तसंही नाही. न्यूझीलंडमध्ये 80 निरोगी पुरुषांवर सहा आठवडे चाचणी झाली. दर तिसऱ्या दिवशी 10 मायक्रोग्रॅम एलएसडी किंवा प्लासिबो. डोसच्या दिवशी एलएसडीवाल्यांनी जास्त उत्साह आणि आनंद नोंदवला, पण टिकाऊ बदल दिसला नाही. काहींना तर अस्वस्थता इतकी वाढली, की त्यांनी चाचणी सोडली. आणि इथेही डोस ओळखता येण्याचा प्रश्न होताच.

या अभ्यासांच्याही मर्यादा आहेत. घरच्या मालात नेमकं किती औषध होतं हे तपासलेलं नव्हतं, आणि न्यूझीलंडचे लोक निरोगी होते, त्यामुळे डिप्रेशनच्या पेशंटबद्दल यावरून काही सांगता येत नाही. शिवाय भारतात एलएसडी आणि सायलोसायबिन एनडीपीएस कायद्याखाली येतात. जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

पुढच्या वेळी 'मला फरक पडला' असं कुणी म्हणालं, तर एकच विचारा: कॅप्सूल रिकामी असती, तर तुला कळलं असतं का?