एएचपी: कारखान्याची जागा आणि सुसंगततेची तपासणी

टोमॅटो सॉसचा कारखाना कोलारच्या टोमॅटो बाजाराजवळ काढावा की बंगळुरूच्या ग्राहकांजवळ? थॉमस साटी यांच्या एएचपी पद्धतीत आधी निकषांची जोडीजोडीने तुलना करतात. 1 म्हणजे दोन्ही समान, 9 म्हणजे एक अतिशय महत्त्वाचा.

समजा, तुम्ही ठरवले की कच्चा माल वाहतुकीच्या 3 पट, वाहतूक जमिनीच्या किमतीच्या 2 पट आणि कच्चा माल जमिनीच्या 5 पट महत्त्वाचा. उलट तुलनांत 1/3, 1/2, 1/5 येतात. सारणीतील प्रत्येक ओळीच्या गुणाकाराचे घनमूळ काढून त्यांच्या बेरजेने भागा. भार मिळतील 0.648, 0.230 आणि 0.122. पुढे प्रत्येक निकषावर दोन्ही जागांची अशीच तुलना होते.

पण त्याआधी थांबा. 3 × 2 = 6 असताना आपण 5 लिहिले. हे चालेल का? सारणीला भारांनी गुणा आणि प्रत्येक उत्तराला त्या ओळीच्या भाराने भागा. सरासरी येते λmax = 3.004.

CI = (3.004 − 3)/(3 − 1) = 0.002
CR = 0.002/0.58 = 0.003

0.58 हा वाटेल तशा भरलेल्या 3 × 3 सारण्यांचा सरासरी CI. CR 0.10 पेक्षा कमी, म्हणून चालेल.

परीक्षेत हमखास 5 च्या जागी 1/5 लिहिला जातो. मग λmax 4.43 आणि CR 1.23 होतो. अशा वेळी CR खाली येईपर्यंत आकडे फिरवत बसू नका. कोणती तुलना चुकली ते शोधा. मात्र तिन्ही तुलना उलट्या लिहिल्या, तर CR 0.003 च राहतो आणि जमीन सर्वांत महत्त्वाची ठरते.